डेड टाइमला पादे लावताना: गेनची मर्यादा चुकते कुठे आणि ती तपासायची कशी

राउथच्या तक्त्याने सांगितलं की गेन पाचपर्यंत चालेल. साडेचार ठेवला, तर लूप झुलायला लागला आणि थांबेचना. गणित पुन्हा तपासलं, बेरीज-वजाबाकी बरोबर. चूक तक्त्याच्या आधीच झालेली होती: डेड टाइमच्या जागी पहिल्या ऑर्डरचं पादे सन्निकटन घातलं आणि ते किती वारंवारतेपर्यंत खरं धरायचं हे कुणी विचारलंच नाही. मीही हे केलेलं आहे, म्हणून पुढचा क्रम जरा हट्टाने लिहितो आहे.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. प्रक्रियेचा गेन १, टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, डेड टाइम θ = ५ सेकंद. कंट्रोलर फक्त प्रपोर्शनल, त्याचा गेन K.

```
L(s) = K · e^(-5s) / (10s + 1)
```

## १. आधी डेड टाइम पूर्ण मोजा

सन्निकटनाची ऑर्डर किती घ्यायची यावर लोक तासभर वाद घालतात आणि θ मात्र आलेखावरून नजरेने उचलतात. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आपल्या उदाहरणातला ५ सेकंदांचा आकडा दोन तुकड्यांनी बनलेला आहे असं समजा. स्टेप दिल्यावर सेन्सर हलायला ४.५ सेकंद लागतात. कंट्रोलर डिजिटल आहे, दर सेकंदाला एकदा आउटपुट बदलतो आणि मधल्या वेळात ते धरून ठेवतो. या धरून ठेवण्याने सरासरी अर्ध्या सॅम्पलचा, म्हणजे ०.५ सेकंदाचा उशीर वाढतो. वाचन आणि आउटपुट यांच्यामध्ये हिशेबाला वेळ लागत असेल तर तोही यातच धरायचा.

अर्धा सेकंद विसरला तर काय होतं? θ = ४.५ धरून मर्यादा ४.१५ येते, ५ धरून ३.८१. म्हणजे नऊ टक्के फरक, आणि तोही धोक्याच्या बाजूला. पुढे दिसेल की दुसऱ्या ऑर्डरच्या पादेची चूक याच्या मानाने किरकोळ आहे.

तपासणी: θ मध्ये दहा टक्क्यांची शंका असेल, तर ५.५ घेऊनही हिशेब करा. मर्यादा ३.५२ पर्यंत खाली येते. तुमचा निष्कर्ष या दोन्ही आकड्यांना टिकत नसेल तर पुढे जाऊ नका, मोजणी सुधारा.

## २. सन्निकटन न लावता खरी मर्यादा काढा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. राउथला बहुपदी लागते, त्यामुळे e^(-θs) तिथे चालत नाही, हे खरं. पण बोडे आणि नायक्विस्टला बहुपदी लागत नाही. डेड टाइमचं मॅग्निट्यूड सगळीकडे १ असतं आणि फेज असते उणे ωθ. दोन्ही अचूक लिहिता येतात, मग अंदाज कशाला?

ज्या वारंवारतेला लूपची फेज उणे १८० अंश होते ती शोधायची:

```
5ω + atan(10ω) = π
Ku = sqrt(1 + (10ω)^2)
```

हाताने दोन-तीन फेऱ्यांत उत्तर येतं. कॉम्प्युटरवर:

```python
import numpy as np
from scipy.optimize import brentq
tau, th = 10.0, 5.0
f = lambda w: w*th + np.arctan(w*tau) - np.pi
wu = brentq(f, 0.01, 1.0)
print(wu, np.hypot(1, wu*tau))
```

उत्तर: वारंवारता ०.३६७ रेडियन प्रति सेकंद, मर्यादा ३.८१. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकोन करा. यापुढची प्रत्येक पायरी त्याच्याशी ताडून बघायची आहे.

इतकं सोपं असेल तर पादे हवंच कशाला, असा प्रश्न पडेल. केवळ गेनची मर्यादा हवी असेल तर नकोच. पण रूट लोकस काढायचा असतो, पोल ठरावीक जागी बसवायचे असतात, स्टेट स्पेसमध्ये कंट्रोलर काढायचा असतो, किंवा वापरातलं साधन फक्त परिमेय ट्रान्सफर फंक्शन घेतं. तिथे अंश आणि छेद दोन्ही बहुपदी असलेलं रूप लागतं आणि पादे कामाला येतं.

सावधान: कच्ची प्रक्रियाच अस्थिर असेल, किंवा लूपची फेज उणे १८० अंश एकापेक्षा जास्त वेळा ओलांडत असताना मॅग्निट्यूड एकच्या आसपास घुटमळत असेल, तर वरचं एक समीकरण पुरत नाही. पूर्ण नायक्विस्ट काढा. तिथेही डेड टाइम अचूकच ठेवा.

## ३. ωθ बघा, मगच ऑर्डर ठरवा

पादेचं मॅग्निट्यूड अचूक असतं. अंश आणि छेद एकमेकांचे आरसे असल्याने ते सगळ्या वारंवारतांना १ येतं. चूक असते ती फक्त फेजमध्ये, आणि ती वारंवारता किंवा डेड टाइम यांपैकी एकट्या कशावरच नव्हे, तर दोघांच्या गुणाकारावर ठरते. हा तक्ता जवळ ठेवण्यासारखा आहे:

| ωθ (रेडियन) | खरा फेज लॅग | पहिली ऑर्डर | दुसरी ऑर्डर |
|---|---|---|---|
| १ | ५७.३° | ५३.१° | ५७.२° |
| २ | ११४.६° | ९०.०° | ११२.६° |
| ३ | १७१.९° | ११२.६° | १६१.१° |

दोन गोष्टी दिसतात. पहिली, दोन्ही स्तंभ खऱ्यापेक्षा कमी लॅग दाखवतात. लॅग कमी दिसला की लूप आहे त्यापेक्षा स्थिर वाटतो. चूक दर वेळी त्याच, नको त्या बाजूला पडते. दुसरी, चूक हळूहळू वाढत नाही, उसळते. पहिल्या ऑर्डरला एकच्या आत ती चार अंशांची आहे, दोनला पंचवीसच्या घरात.

आता आपल्या लूपकडे या. मर्यादेच्या वारंवारतेला ωθ म्हणजे ०.३६७ गुणिले ५, सुमारे १.८४. तिथे खरा लॅग १०५.२ अंश आहे. पहिली ऑर्डर ८५.१ सांगते, दुसरी १०३.९. वीस अंशांची चूक घेऊन स्थिरतेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

हा योगायोग नव्हे. एक लॅग अधिक डेड टाइम आणि प्रपोर्शनल कंट्रोलर असा कोणताही लूप घ्या. लॅग स्वतः ० ते ९० अंशांमध्येच फेज खातो, तेव्हा उणे १८० गाठायला उरलेले किमान ९० अंश डेड टाइमलाच द्यावे लागतात. म्हणजे मर्यादेच्या जागी ωθ नेहमी π/२ आणि π यांच्या मध्ये असतो. π/२ ला पहिल्या ऑर्डरची चूक १३.७ अंश आहे, त्यापुढे वाढतच जाते. थोडक्यात, अशा लूपची गेन मर्यादा काढायला पहिली ऑर्डर कधीच पुरेशी अचूक नसते, टाइम कॉन्स्टंट काहीही असो.

ऑर्डर ठरवताना: ज्या वारंवारतेबद्दल तुम्ही विधान करणार आहात, तिथला ωθ काढा. तो एकच्या आत असेल तर पहिली ऑर्डर चालेल. दोनपर्यंत दुसरी. तीनकडे जात असेल तर तिसरी किंवा चौथी घ्या. सरसकट दहावी घेऊन मोकळं व्हायचा मोह टाळा. ऑर्डर वाढली की सहगुणक एकमेकांपासून प्रचंड दूर जातात, पोल एकमेकांना चिकटतात आणि मुळं काढताना आकडेमोडीचीच चूक वरचढ ठरते.

## ४. पादे लिहा आणि चिन्हं पडताळा

```
पहिली:  (1 - θs/2) / (1 + θs/2)
दुसरी:  (1 - θs/2 + θ²s²/12) / (1 + θs/2 + θ²s²/12)
```

आपल्या θ ला पहिली होते (1 - 2.5s)/(1 + 2.5s), आणि दुसरीत s² चा सहगुणक येतो 25/12, म्हणजे 2.083.

इथे तीन चुका वारंवार दिसतात.

अंश आणि छेद उलटे लिहिले जातात. मग उशिराऐवजी भविष्य बघणारा घटक तयार होतो. ओळखायची खूण अशी की आपल्या उदाहरणात s² चा सहगुणक उणे येतो आणि K कितीही लहान घेतला तरी तक्ता अस्थिरच सांगतो.

दुसऱ्या ऑर्डरमध्ये १२ च्या जागी ८ लिहिला जातो. ही चूक हुशार माणसं करतात, कारण e^(-θs/2) आणि e^(θs/2) यांची टेलर श्रेणी वेगवेगळी कापून भागाकार केला की ८ च येतो. ते पादे नव्हे. आपल्या लूपची मर्यादा ३.५५ आली असेल तर हीच चूक झाली आहे असं समजा.

तिसरी चूक जास्त घातक आहे. पादेच्या भानगडीत न पडता डेड टाइमच्या जागी 1/(1 + 5s) ठेवायचं. म्हणजे एक जास्तीचा लॅग. आता छेदात दोन लॅग झाले, आणि दोन लॅग मिळून उणे १८० अंश कधीच गाठत नाहीत. (10s + 1)(5s + 1) + K ला कोणत्याही धन K साठी उजव्या अर्धप्रतलात मूळ नाही. तक्ता सांगतो, हवा तेवढा गेन वाढवा! याच्या उलट, अंशात नुसतं 1 - 5s ठेवलं तर मर्यादा येते २. खरी ३.८१ असताना एका टेलरने अनंत सांगितलं, दुसऱ्याने दोन.

तपासणी: s = 0 ठेवल्यावर १ आलं पाहिजे, आणि कोणत्याही s = jω ला मॅग्निट्यूड १. दोन्ही जमलं तरच पुढे.

## ५. बहुपदी बनवा आणि मर्यादा काढा

पहिली ऑर्डर:

```
(10s + 1)(1 + 2.5s) + K(1 - 2.5s) = 0
25s² + (12.5 - 2.5K)s + (1 + K) = 0
```

मधला सहगुणक धन हवा, म्हणून K < ५. वारंवारता ०.४९ रेडियन प्रति सेकंद.

दुसरी ऑर्डर:

```
20.83s³ + (27.08 + 2.083K)s² + (12.5 - 2.5K)s + (1 + K) = 0
```

तीन घाताच्या बहुपदीला मधल्या दोन सहगुणकांचा गुणाकार टोकाच्या दोहोंच्या गुणाकारापेक्षा मोठा हवा. सरळ केलं की उरतं K² + 12K - 61 < 0, आणि मर्यादा ३.८५. वारंवारता ०.३७२.

चौकोनातल्या ३.८१ शी ताडून बघा. पहिल्या ऑर्डरने एकतीस टक्के जास्त सांगितलं, दुसरीने एक टक्का. तिसरी घेऊन तो एक टक्का मिळवायचा का? मी नाही घेणार. θ मधली दहा टक्क्यांची शंका मर्यादा आठ-नऊ टक्क्यांनी हलवते, तिथे या एका टक्क्याची किंमत शून्य.

जाता जाता एक गंमत. कंट्रोलरला इंटिग्रल जोडून त्याचा काळ टाइम कॉन्स्टंटइतकाच, १० सेकंद ठेवला, तर लूप उरतो K·e^(-5s)/(10s). याची खरी मर्यादा नेमकी π येते. पहिली ऑर्डर सांगते ४, दुसरी ३.१६५. π ला चार म्हणणाऱ्या सूत्रावर आपण किती विश्वास टाकतो ते यावरून कळावं.

## ६. मार्जिन सांगण्याआधी थांबा

मर्यादेच्या निम्मा गेन ठेवायची पद्धत आहे. पहिल्या ऑर्डरच्या ५ वरून K ठरवला २.५, आणि अहवालात लिहिलं गेन मार्जिन २. खरं मार्जिन ३.८१ भागिले २.५, म्हणजे १.५२.

याच K ला फेज मार्जिन काढलं तर फसगत कमी दिसते, आणि म्हणूनच ती सुटते. मॅग्निट्यूड १ होतं ते ०.२२९ रेडियन प्रति सेकंदाला, तिथे ωθ आहे १.१५. पहिली ऑर्डर ५४ अंश मार्जिन दाखवते, खरं आहे ४८. सहा अंशांकडे बघून माणूस म्हणतो, ठीक आहे, सन्निकटन चांगलं आहे. पण गेन मार्जिन मोजलं जातं त्याहून वरच्या वारंवारतेला, आणि चूक तिथे वीस अंशांची आहे. एका मार्जिनवरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

तपासणी: पादेने दिलेली वारंवारता खऱ्या फेजच्या सूत्रात परत घाला. पहिल्या ऑर्डरची ०.४९ घातली तर 5ω + atan(10ω) येतं सुमारे २१९ अंश. १८० हवे होते. दुसऱ्या ऑर्डरच्या ०.३७२ ला १८१.५ च्या आसपास येतं. पाच अंशांपेक्षा जास्त फरक दिसला की ऑर्डर वाढवा. याला दोन मिनिटं लागतात, आणि राउथची मांडणी चुकली असेल तर तीही इथेच सापडते.

## ७. खऱ्या उशिरासह चालवून बघा

सिम्युलेशनमध्ये पुन्हा पादेच घातलं तर तुम्ही सन्निकटनाला सन्निकटनाने तपासता आहात; उत्तर जुळणारच. उशीर खरा ठेवा, म्हणजे जुनी मूल्यं रांगेत साठवून पाच सेकंदांनी बाहेर काढा:

```python
K, tau, th, dt = 4.5, 10.0, 5.0, 0.01
buf, y, log = [0.0]*round(th/dt), 0.0, []
for k in range(20000):
    buf.append(K*(1 - y))
    y += dt*(buf.pop(0) - y)/tau
    log.append(y)
print(max(log[:4000]), max(log[-2000:]))
```

K ४.५ ठेवून दोनशे सेकंद चालवा. पहिल्या ऑर्डरच्या हिशेबात इथे पोलचा वास्तव भाग उणे ०.०२५ आहे, म्हणजे झोके दर फेरीला साधारण ०.७ पट होत विरत जायला हवेत. खऱ्या लूपमध्ये तो अधिक ०.०२४५ निघतो. आकडा जवळजवळ तोच, फक्त चिन्ह उलटं. झोका दर साडेसोळा सेकंदांनी येतो आणि प्रत्येक वेळी जवळपास दीडपट होतो. शेवटच्या वीस सेकंदांतलं शिखर सुरुवातीच्या कितीतरी पट मोठं छापलं जाईल.

प्रत्यक्ष यंत्रावर मात्र झोका अनंत वाढत नाही. व्हॉल्व्ह किंवा हीटर आपल्या टोकाला जाऊन अडकतो आणि झोका ठरावीक उंचीवर स्थिरावतो. तो बघून लूप "काठावर आहे, पण स्थिर आहे" असं म्हणू नका. आउटपुट टोकाला आपटतंय का ते आधी बघा.

## ८. बनावट पोल-झीरोंना हात लावू नका

पादे लावल्यावर मॉडेलमध्ये अशा गोष्टी येतात ज्या प्रक्रियेत नाहीत. पहिल्या ऑर्डरने +०.४ ला एक झीरो दिला, उजव्या अर्धप्रतलात. दुसरीने ०.६ ± ०.३४६j ला दोन दिले आणि त्यांचे आरसे डावीकडे पोल म्हणून.

स्टेप रिस्पॉन्समध्ये याचा पहिला परिणाम दिसतो. खरी प्रक्रिया पाच सेकंद जागची हलत नाही. पहिल्या ऑर्डरचं मॉडेल लगेच उलट्या दिशेने खाली जातं आणि मग वर येतं. हा उलटा झोल बघून प्रक्रियेचा स्वभावच तसा आहे असं अनुमान काढलेलं मी पाहिलं आहे. आलेखात सुरुवातीचे θ सेकंद वगळून वाचा.

दुसरा परिणाम महागात पडतो. कुणीतरी कंट्रोलरमध्ये 1/(1 - 2.5s) घालून तो झीरो खोडून काढायला जातं. कागदावर डेड टाइमचा अर्धा भाग नाहीसा होतो. प्रत्यक्षात खोडायला समोर काही नसतंच, आणि कंट्रोलरमध्ये +०.४ ला एक खराखुरा अस्थिर पोल बसतो. डावीकडचे बनावट पोल खोडण्याचंही तसंच: लूप लगेच पडणार नाही, पण मार्जिनचे आकडे पुन्हा कल्पित होतील.

स्टेट फीडबॅक काढत असाल तर पादेच्या जास्तीच्या स्टेट कुठल्याही सेन्सरवर मिळत नाहीत हे आधीच लक्षात घ्या. त्यांच्यासाठी ऑब्झर्व्हर लागेल. तो कंट्रोलर तयार झाला की पादे बाजूला ठेवा, खऱ्या e^(-5s) सह लूपचा नायक्विस्ट काढा आणि θ ४.५ व ५.५ घेऊन दोनदा परत तपासा.